सातबाऱ्यावर चार नावं, विकणारा एकटा

प्रश्न : निवृत्तीनंतर गावाजवळ दोन एकर जमीन घ्यायची आहे. मी शेतकरी खातेदार आहे. भाव 36 लाख ठरलाय, पैसे मुदत ठेव मोडून देणार. मालक म्हणतात, 5 लाख इसार या आठवड्यात द्या. सातबारा सोबत पाठवतोय, वाचून सांगाल का? त्यांच्या बहिणीने हक्क सोडलाय असं ते म्हणतात.

उत्तर :

ठेव आत्ता मोडू नका, इसारही देऊ नका. कारण तुम्ही पाठवलेल्या त्याच कागदावर आहे.

आधी नावं पाहू. वडिलांचं नाव कंसात आहे आणि त्यावर आडवी रेघ आहे. म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर वारस फेरफार होऊन ते नाव कमी झालं. आता चार नावं चालू आहेत: आई, दोन भाऊ आणि बहीण. चौघांसमोर वेगवेगळं क्षेत्र लिहिलेलं नाही, सगळ्यांचं मिळून एकच आहे. हेच ते सामाईक खातं. विकणारे धाकटे भाऊ या चारांपैकी एक.

गटाचं एकूण क्षेत्र 1 हेक्टर 60 आर आहे, त्यातलं 1.48 लागवडीयोग्य आणि 0.12 पोटखराब. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठा त्याहून किंचित मोठा. म्हणजे सारा गट चार एकरांना थोडा कमी. धाकट्या भावाने हिशेब केला तो दोन भावांत निम्मा-निम्मा, म्हणून ‘माझे दोन एकर’. पण आई आणि बहीण त्याच पायरीच्या वारस आहेत. चौघांचे हिस्से समान धरले तर त्याच्या वाट्याला 40 आर येतात, म्हणजे एकर पुरता भरत नाही. त्यातही 3 आर पोटखराब. तुमचा भाव एकरी 18 लाखांचा आहे. त्या दराने एकराच्या आतल्या हिश्श्याचे 18 लाखही होत नाहीत, आणि तुम्ही 36 लाख मोजायला निघाला आहात.

बहिणीच्या हक्कसोडीबद्दल मी एकच विचारेन, दस्त नोंदवलाय का? शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी केलेला कागद जमिनीचा हक्क सोडवत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते. नोंदणी झाली असती तर त्याचा फेरफारही पडला असता. उताऱ्यात बहिणीचं नाव अजून चालू आहे. खाली ‘प्रलंबित फेरफार : आहे’ असं छापलंय आणि गोम तिथेच असावी असं मला वाटतं. तो फेरफार कसला आहे, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर त्या गावाच्या फेरफारांच्या चालू नोटिसा दिसतात. हरकत आली असेल तर ती तलाठ्याकडच्या तक्रार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-अ मध्ये सापडते. तिथे एवढंच विचारा, हरकत कोणाची आणि पुढची तारीख कधी.

‘इतर अधिकार’ रकान्यात विकास सोसायटीचा साडेतीन लाखांचा बोजा आहे. तो धाकट्याचा नाही, थोरल्याच्या पीककर्जाचा आहे. पण रकान्यात गटाचाच नंबर असल्याने वाटपाआधी तो तुमच्याही तुकड्याला चिकटलेला राहील. ‘सोसायटीचं फेडलंय हो, नोंद तेवढी राहिली’ हे खरंही असेल, गावात असं सर्रास होतं. मग सोसायटीचा बेबाकी दाखला आणि बोजा कमी केल्याचा फेरफार दाखवू देत. थकबाकी असेल तर तेवढी रक्कम भावातून वळती करून थेट सोसायटीत भरा.

दिवाणी दावा सातबाऱ्यावर दिसेलच असं नाही. त्याची नोंद नसली तरी निश्चिंत राहू नका. ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर चौघांची नावं टाकून तालुका आणि जिल्हा न्यायालय पाहा. वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयातला तीस वर्षांचा शोध घ्या, आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्या.

तुम्ही म्हणाल, धाकट्याचा हिस्सा तरी घेऊ. कायद्याने तो आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो. पण तुम्हाला मिळेल ते सामाईक खात्यात त्याच्या जागी एक नाव, जमिनीतली नेमकी जागा नव्हे. ती हवी तर वाटपाचा दावा लावावा लागेल, आणि तुमच्या वयाचा माणूस त्या तारखांना का जावा?

माझं म्हणणं मालकाला असं कळवा: आधी चौघांनी मिळून वाटप करून घ्यावं, मोजणी होऊन पोटहिस्सा पडावा, मग त्याच्या नावाच्या स्वतंत्र सातबाऱ्यावर खरेदीखत. हे मान्य नसेल तर चौघांच्या सह्यांचं नोंदणीकृत साठेखत करा, त्यात प्रत्यक्ष मोजून निघेल तेवढ्याच लागवडीयोग्य क्षेत्राचे पैसे असं लिहा, आणि इसार एका लाखावर नेऊ नका. तोपर्यंत ठेव जिथे आहे तिथेच व्याज मिळवत राहील.

आणखी एक, पाठवलेला उतारा फक्त पाहण्यापुरता आहे. digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून 15 रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा ताजा उतारा काढा, आणि सोबत वारस फेरफाराची व बोजाच्या फेरफाराची प्रत घ्या.