बँकेच्या जाहिरातीतली 'डोमेन'ची अट

*प्रश्न: साडेतीन वर्षं ई-कॉमर्समध्ये मॅन्युअल टेस्टिंग केलंय, त्यातलं बरंचसं चेकआउट आणि रिफंडचं. बँकेच्या प्रोजेक्टसाठी सगळीकडे 'बँकिंग डोमेनचा अनुभव आवश्यक' असं लिहिलेलं असतं. तरी अर्ज करू का?*

जाहिरातीतलं काम एटीएम, कार्ड किंवा यूपीआयचं असेल तर जरूर करा. कर्जाचं असेल तर थोडं थांबा. मी स्वतः कुरिअरच्या सॉफ्टवेअरमधून बँकेच्या टेस्टिंगमध्ये आलो आणि आता याच कामासाठी मुलाखती घेतो, म्हणून हा फरक नीट सांगतो.

मुलाखतीत मी बहुतेक वेळा एकच प्रसंग देतो. ग्राहकाने रात्री ११.५५ ला दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून ५,००० रुपये मागितले. त्याच्या बँकेने खात्यातून रक्कम वजा करून मंजुरी पाठवली, पण मशीनमध्ये नोटा अडकल्या. आता काय काय तपासाल?

'पैसे परत आले का ते बघेन' एवढंच उत्तर बरेच जण देतात, अगदी बँकेत काम केलेलेसुद्धा. तुम्ही मात्र 'पेमेंट गेलं, पण ऑर्डरच तयार झाली नाही' हे नक्कीच हाताळलं असेल. तोच विचार इथे चालतो. एटीएमकडून रक्कम उलटवण्याचा संदेश, म्हणजे रिव्हर्सल, जातो. तो वाटेत हरवला तर? दोनदा पोचला तर ग्राहकाला १०,००० मिळतील का? ५,००० पैकी २,००० च्याच नोटा बाहेर आल्या तर? हे प्रश्न ज्याला आपणहून सुचतात त्याला मी घेतो, मग त्याने आधी चपला विकणाऱ्या साइटचं टेस्टिंग केलेलं असो.

जे तुमच्याकडे नसेल ते मला माझ्याच चुकीतून कळलं. पहिल्या महिन्यात अशीच एक टेस्ट मी 'पास' केली, कारण ग्राहकाची शिल्लक पूर्ववत झाली होती. सीनियरने विचारलं, "लेजर पाहिलंस का?" लेजर म्हणजे बँकेची खात्यांच्या नोंदींची वही, ती मी पाहिली नव्हती. कुरिअरमध्ये पार्सलचं स्टेटस चुकलं की आम्ही ते बदलून टाकायचो. बँकेत झालेली नोंद पुसत नाहीत, तिच्याविरुद्ध दुसरी नोंद करतात. त्यामुळे डेबिट आणि त्याचं रिव्हर्सल दोन्ही दिसायला हवेत, आणि समोरच्या खात्याची बाजूही जुळायला हवी. ती जुळत नव्हती. शिवाय ११.५५ चा व्यवहार आणि १२.०५ चं रिव्हर्सल वेगवेगळ्या तारखांना पडू शकतात, हेही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

रिव्हर्सल हरवलंच तर दुसऱ्या दिवशीच्या जुळवणीत, म्हणजे रिकन्सिलिएशनमध्ये, ते सापडायला हवं. तिथे बँकेचं लेजर, दोन बँकांमध्ये संदेश पोचवणाऱ्या स्विचची नोंद आणि एटीएमचा स्वतःचा जर्नल लॉग समोरासमोर ठेवतात. पहिल्या दोन्हींत व्यवहार यशस्वी दिसतो आणि लॉगमध्ये नोटा बाहेर न आल्याचं दिसतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त ५ दिवसांत आपोआप परत करायची असते. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. म्हणजे सहाव्या दिवशी १०० रुपये जमा होतात का, हीसुद्धा एक टेस्ट केस झाली. एवढं शिकायला वेगळा कोर्स लागत नाही. हा एक प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागदावर मांडा आणि ते परिपत्रक स्वतः वाचा.

कर्जाचं तसं नाही. समजा, मुदत कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला आणि खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, झालं. ग्राहकाने तीनपैकी एक हप्ता भरला, तर खातं पुन्हा नियमित होईल का? नवख्याला वाटतं होईल, कारण थकबाकी आता ९० दिवसांच्या आत आली. प्रत्यक्षात व्याज आणि मुद्दल मिळून सगळी थकबाकी भरल्याशिवाय होत नाही. त्याच बँकेत त्याचं दुसरं कर्ज वेळेवर चालू असलं तरी तेही एनपीएच धरतात, कारण वर्गीकरण कर्जदाराचं होतं. इथे तर्क कितीही चांगला असला तरी चुकीचंच उत्तर 'पास' होईल आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. अशा कामासाठी अनुभव मागतात ते योग्यच आहे.

जाहिरातीत 'स्विच', 'सेटलमेंट', 'रिकन्सिलिएशन' असे शब्द असतील तर अर्ज टाका. 'लोन', 'एनपीए' किंवा दिवसअखेरच्या प्रक्रियेचं 'डे-एंड' असे शब्द असतील तर टीममध्ये शिकवणारं कुणी आहे का, हे आधी विचारा. बायोडेटात 'बँकिंग डोमेन' असं लिहू नका, दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. त्याऐवजी 'पेमेंट गेटवे, दुबार रिफंड रोखणे, सेटलमेंट फाइलची जुळवणी' यांतलं जे खरोखर केलंय तेच लिहा. माझ्यापुढे असा बायोडेटा आला तर मी नक्की फोन करेन.