नमाजेतलं हसू, वुजू आणि मुरसल हदीस

प्रश्न: माझा कोकणातला शाफई मित्र म्हणतो की नमाजेत मोठ्याने हसलं तर फक्त नमाज तुटते. आम्ही हनफी, आमच्याकडे वुजूही तुटतो असं शिकवलंय. तो म्हणतो, तुमचा पुरावा ‘मुरसल’ आहे म्हणून चालत नाही. मुरसल, मुनकते म्हणजे नेमकं काय? आणि फकीह लोक अशा हदीस पुरावा म्हणून मानत होते का?

उत्तर:

मानत होते, आणि बऱ्याच मोठ्या प्रमाणावर. इमाम अबू हनीफा आणि इमाम मालिक भरवशाच्या माणसाची मुरसल हदीस पुरावा म्हणून घेत. इमाम अहमद यांच्याबद्दल दोन्ही मतं सांगितली जातात. इमाम शाफई यांनी अटी घातल्या, आणि त्यांच्यानंतरच्या मुहद्दिसांनी, म्हणजे हदीसच्या जाणकारांनी, बहुतेक करून ती कमजोरच धरली. तुमच्या मित्राचं वाक्य शाफई मजहबपुरतं ठीक आहे, पण ‘मुरसल म्हणून चालत नाही’ एवढ्यावर गोष्ट संपत नाही. खरी मेख त्याच्या पुढे आहे.

आधी शब्द उरकून घेऊ. हदीसची सनद ही माणसांची साखळी असते: अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने सहाबीकडून, सहाबीने पैगंबरांकडून. ताबिई, म्हणजे सहाबांच्या नंतरच्या पिढीतला माणूस, मधलं नाव न घेता थेट ‘पैगंबर म्हणाले’ असं सांगतो तेव्हा ती मुरसल. साखळीत दुसरीकडे कुठे दुवा गळला असेल तर मुनकते. ही मुहद्दिसांची वाटणी झाली. फिकहच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या, जुन्या पुस्तकांत, विशेषतः हनफी उसूलमध्ये, म्हणजे पुराव्याच्या नियमांच्या पुस्तकांत, तुटक्या सनदेला सरसकट मुरसल म्हटलेलं आढळतं. त्यामुळे ‘मुरसल मान्य’ असं वाचलं की लिहिणारा फकीह आहे की मुहद्दिस हे आधी पाहावं, नाहीतर दोघं वेगळ्याच गोष्टीवर भांडत बसतात.

आता तुमची हदीस. बसऱ्याचे ताबिई अबुल आलिया अर-रियाही सांगतात की पैगंबर नमाज पढवत असताना नजर अधू असलेला एक माणूस आला आणि खड्ड्यात पडला. मागचे काही लोक हसले. पैगंबरांनी हसणाऱ्यांना वुजू आणि नमाज दोन्ही पुन्हा करायला सांगितलं. अबुल आलिया यांनी पैगंबरांना पाहिलेलं नाही, पैगंबरांच्या वफातीनंतर दोनेक वर्षांनी ते मुसलमान झाले. म्हणजे मध्ये कोणीतरी सांगणारा होता आणि त्याचं नाव इथे नाही.

हनफींनी ही हदीस घेतली, पण घेतली कशी ते बघण्यासारखं आहे. एरवी हसण्याने वुजू तुटत नाही. नमाजेबाहेर पोट धरून हसलात तरी वुजू शाबूत. मग कियास, म्हणजे माहीत हुकमावरून केलेला तर्क, लावला तर नमाजेतही तुटायला नको. अबू हनीफांचे शिष्य इमाम मुहम्मद यांनी मदिनावाल्यांशी वाद घालताना हे सरळ कबूल केलंय की या रिवायती नसत्या तर कियास मदिनावाल्यांच्याच बाजूचा होता. म्हणजे मुरसलसाठी त्यांनी स्वतःचा कियास सोडला. ‘हनफी हदीस सोडून कियासाच्या मागे लागतात’ असं म्हणणाऱ्यांनी हा मसला जरूर वाचावा. आणि हुकूम कियासाच्या उलट आला म्हणून त्यांनी तो हदीसमध्ये दिसतो तेवढ्यापुरताच ठेवला. माणूस बालिग हवा, जागा हवा, नमाज रुकू-सजद्याची हवी आणि हसणं शेजारच्याला ऐकू जाईल असं हवं. जनाज्याच्या नमाजेत तसं हसलं तर ती नमाज तुटते, वुजू नाही. स्वतःपुरतंच ऐकू आलं तर फक्त नमाज जाते, आणि नुसतं स्मित केलं तर काहीच जात नाही.

नाव गाळलेल्या माणसावर भरवसा का ठेवायचा? मानणाऱ्यांचा युक्तिवाद एका जुन्या म्हणण्यात आहे: ज्याने सनद दिली त्याने चौकशी तुमच्यावर सोडली, ज्याने नाव गाळलं त्याने हमी स्वतः घेतली. भरवशाचा, जाणता माणूस खात्री असल्याशिवाय ‘पैगंबर म्हणाले’ असं बेधडक म्हणणार नाही. कूफ्याचे इब्राहीम नखई यांचं उदाहरण नेहमी देतात. सहाबी अब्दुल्लाह इब्न मसऊद हिजरी 32 मध्ये वारले, इब्राहीम त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मले. तरी ते ‘अब्दुल्लाह म्हणाले’ असं सांगत. ही सरळ सरळ मुनकते. आअमश यांनी सनद मागितली तेव्हा इब्राहीम म्हणाले की मी एकाचं नाव घेऊन सांगतो तेव्हा ते त्या एकाकडूनच ऐकलेलं असतं, आणि नुसतं ‘अब्दुल्लाह म्हणाले’ म्हणतो तेव्हा ते अनेकांकडून आलेलं असतं. इथे गळलेलं नाव उलट बळकटीची खूण ठरतं. कूफ्याच्या फिकहचा मोठा भाग याच वाटेने आलाय, तेव्हा हनफींनी तुटक्या सनदेला सरसकट नकार दिला असता तर पायाच निखळला असता.

पण प्रत्येक जण इब्राहीम नसतो. इथे इमाम शाफई यांचं म्हणणं सुरू होतं. गळलेला माणूस सहाबीच असेल तर प्रश्न नाही, कारण सगळे सहाबी भरवशाचे धरले जातात. पण ताबिईने दुसऱ्या ताबिईकडून ऐकलेलं असू शकतं, आणि तो दुसरा कच्चा असू शकतो. म्हणून ‘अर-रिसाला’ मध्ये त्यांनी तपासणी घालून दिली. सांगणारा थोरल्या ताबिईंपैकी असावा. तो नावं घेतो तेव्हा कच्च्या किंवा अनोळखी माणसांची घेत नसावा. इतर पक्क्या रावींशी, म्हणजे हदीस सांगणाऱ्यांशी, त्याचं सांगणं जुळत असावं. वर यांपैकी काहीतरी आधार हवा: तीच गोष्ट पूर्ण सनदेने आलेली असणं, वेगळ्या उस्तादांकडून आलेली दुसरी मुरसल, एखाद्या सहाबीचं तसंच म्हणणं, किंवा बहुतेक आलिमांचा तसा फतवा.

हसण्याची हदीस या तपासणीला लावून बघा. अबुल आलिया थोरले ताबिई, त्यामुळे पहिली अट पार. दुसऱ्या मुरसल? वरवर पाहता भरपूर आहेत. हसन बसरी तीच गोष्ट मुरसल सांगतात, इब्राहीम नखई सांगतात, इब्न शिहाब जुहरी सांगतात. बसरा, कूफा, मदिना अशा तीन ठिकाणची चार माणसं एकच गोष्ट सांगतायत, मग आणखी काय हवं?

मुहद्दिसांनी एकेक धागा मागे ओढत नेला. हफ्स बिन सुलैमान यांनी सांगितलं की हसनना ही हदीस मीच ऐकवली, मी ती हफ्सा बिन्त सीरीनकडून घेतली आणि त्यांनी अबुल आलियांकडून. अबू हाशिम म्हणाले की इब्राहीमना ती मीच सांगितली, अबुल आलियांच्याच हवाल्याने. जुहरींची वाट तर खुद्द शाफई यांनी ‘अर-रिसाला’ मध्ये उघड केलीय: मअमरच्या सनदेवरून दिसतं की जुहरींनी ती सुलैमान बिन अरकमकडून घेतली आणि त्याने हसनकडून. सुलैमान बिन अरकम कमजोर रावी, आणि हसनकडची गोष्ट पुन्हा अबुल आलियांचीच. म्हणजे चार विहिरींना एकच झरा. अब्दुर्रहमान बिन महदी यांनी हाच निवाडा दिला की ही हदीस फिरून फिरून अबुल आलियांवरच येते. आणि इब्न सीरीन यांचा इशारा आधीपासून होताच: हसन आणि अबुल आलिया यांच्या मुरसल घेऊ नका, कोणाकडून घेतोय याची ते फिकीर करत नाहीत.

म्हणून शाफईंनी ती सोडली, आणि रियाही नावावर ‘रियाह’ म्हणजे वारा अशी कोटीही केली. हनफींचं म्हणणं असं की याच आशयाच्या पूर्ण सनदेच्या रिवायतीही आहेत. त्या आहेत, पण त्यांच्यावर मुहद्दिसांचे आक्षेप आहेत. माझं मत विचाराल तर सनदेच्या हिशोबात शाफईंची बाजू जड आहे. पण अबुल आलिया हे स्वतः भरवशाचे, आणि भरवशाच्या ताबिईची मुरसल हनफी उसूलमध्ये पुरावा आहे, तेव्हा हनफींनी नियम मोडून काही केलं असंही नाही.

आणि मुरसल मान्य असणं म्हणजे प्रत्येक मुरसलवर अमल करणं नव्हे. इमाम मालिक मुरसल मानतात, तरी हसण्याने वुजू तुटतो असं मालिकी म्हणत नाहीत. याच्या अगदी उलटं उदाहरण मांसाच्या बदल्यात जनावर विकण्याचं आहे. ‘मुवत्ता’ मध्ये सईद बिन मुसय्यब यांची मुरसल आहे की पैगंबरांनी अशा विक्रीला मनाई केली. इथे शाफईंनी मुरसल घेतली! कारण आधार मिळाला: अबू बक्र यांच्या काळात उंट कापला गेला तेव्हा एक जण शेळीचं पिल्लू घेऊन आला आणि त्याच्या बदल्यात मांस मागू लागला, तर अबू बक्र यांनी हे योग्य नाही म्हणून सांगितलं, असं इब्न अब्बास यांच्याकडून आलंय. शिवाय मदिनेच्या मोठ्या आलिमांचा फतवाही तसाच होता. आणि तत्त्वतः मुरसल मानणारे अबू हनीफा आणि अबू यूसुफ हा व्यवहार रोखीने, हातोहात असेल तर जायज म्हणतात. याच मसल्यात शाफई यांचं ‘इब्न मुसय्यबची मुरसल आमच्याकडे चांगली’ असं वाक्य आलंय. त्यावरून काहींनी समजून घेतलं की सईद यांची प्रत्येक मुरसल शाफईंना चालते. इमाम नववी यांनी ती समजूत दुरुस्त केलीय: त्यांच्या मुरसललाही आधार लागतोच.

तेव्हा मित्र पुन्हा म्हणाला की मुरसल चालत नाही, तर त्याला दोन गोष्टी विचारा. ती सांगणारा ताबिई कोण आणि तो कोणाकोणाकडून घेत असे? आणि आधार म्हणून दाखवलेल्या बाकीच्या वाटा खरंच वेगळ्या आहेत, की मागे जाऊन एकाच माणसापाशी मिळतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मतनाच्या, म्हणजे हदीसच्या नुसत्या मजकुराच्या, तर्जुम्यात मिळत नाही. त्यासाठी दारकुतनी किंवा बैहकी यांच्या ‘सुनन’ मधला हा बाब सगळ्या सनदांसकट वाचावा लागतो.