कर्नल काकांच्या पाकिटावर काय लिहायचं

"बाबा, प्रोजेक्टला मदत केली त्या तिघांना पुण्याला पत्रं पाठवायचीयत. एक पीएचडीवाल्या मावशी, एक रिटायर्ड कर्नल काका आणि एक कीर्तनकार बुवा. सगळ्यांना नुसतं श्री/श्रीमती लिहिलं तर चालेल ना?"

अरे, पत्र पोचेल की, पोस्टमनला काय फरक पडतो, पण कर्नल काकांच्या कपाळावर आठी नक्की पडेल. मला अनुभव आहे. तुझ्या मुंजीच्या पत्रिका मीच लिहायला बसलो होतो, आणि आजोबांच्या एका फौजी मित्राच्या पाकिटावर मी झोकात लिहिलं "श्री. अमुक तमुक, निवृत्त कर्नल". मुंजीला आले ते पाकीट खिशात घालूनच, वर लाल पेनाने "श्री." खोडलेलं आणि "निवृत्त"भोवती गोल. हसत हसत म्हणाले, बाळा, हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस निवृत्त होतो.

आता नीट बघ, सगळी गंमत त्या कंसाच्या जागेत आहे. आधी हुद्दा, मग नाव, आणि शेवटी कंसात निवृत्त. म्हणजे "कर्नल अमुक तमुक (निवृत्त)". खूप लोक "कर्नल (निवृत्त) अमुक तमुक" लिहितात, पेपरातही तसंच येतं, पण तिथे कंस हुद्द्याला चिकटतो आणि जणू हुद्दाच रिटायर झाला असा अर्थ होतो. फौजेतली माणसं हे बरोब्बर पकडतात. हुद्दा लिहिला की श्री. नको, दोन्ही एकत्र कधीच नाही. काका-काकू दोघांना पाठवायचं असेल तर "कर्नल अमुक तमुक (निवृत्त) व सौ. तमुक". आणि हे (निवृत्त) फक्त पाकिटावर हं, आत पत्राची सुरुवात सरळ "आदरणीय कर्नल काका, सप्रेम नमस्कार" अशी कर, नाहीतर प्रत्येक ओळीत त्यांना रिटायर केल्यासारखं वाटतं.

तू विचारशील मग आपल्या शेजारचे कलेक्टर आजोबा? त्यांचं वेगळं. कर्नल हा हुद्दा आहे, तो माणसासोबत राहतो, पण जिल्हाधिकारी हे पद, खुर्ची सोडली की पद दुसऱ्याकडे. म्हणून तिथे "श्री. अमुक तमुक, भा.प्र.से. (निवृत्त)", किंवा खालच्या ओळीत "निवृत्त जिल्हाधिकारी", तेही ऑफिसचं पत्र असेल तरच, घरगुती पत्रात नुसतं श्री. पुरे.

मावशींचं सोपंय. "डॉ." आलं की श्रीमती जातं, आणि पुढे डॉ. लिहून मागे परत पीएच.डी. लावायचं नाही, एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखं होतं. पत्रिकांवर "डॉ. (सौ.)" छापलेलं दिसेल तुला, मला ते आवडत नाही, डॉक्टरेट त्यांनी स्वतः मिळवलीय, तिच्या शेजारी कंसात लग्न कशाला, पण त्या स्वतः तसं लिहीत असतील तर तसंच लिही, नाव त्यांचं आहे. आणि एकच माणूस कर्नल पण डॉक्टर पण असेल तर हुद्दा आधी, "कर्नल (डॉ.) अमुक तमुक (निवृत्त)". हो, दोन कंस, काय करणार.

एक गंमत सांगतो, आपल्या राज्यघटनेच्या १८व्या कलमाने सरकारला किताब द्यायला मनाई केलीय, सूट फक्त सैनिकी आणि शैक्षणिक बहुमानांना. म्हणूनच कर्नल आणि डॉ. नावाआधी बिनधास्त लागतात, पण पद्मश्री लावायची नाही, ती किताब नाही असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय. लोक तरी लावतातच.

बुवांचं मात्र ना सरकार ना विद्यापीठ, ते लोकांनी दिलेलं. त्यांना "ह.भ.प." लिहायचं, म्हणजे हरिभक्त परायण, आणि नावामागे बुवा किंवा महाराज. कुठलं ते त्यांच्या कार्यक्रमाच्या हँडबिलावर बघ, वारकरी कीर्तनकारांना बहुतेक महाराज म्हणतात, नारदीयवाल्यांना बुवा. कीर्तनकार बाई असतील तरी ह.भ.प.च. पण ह.भ.प. म्हणजे संन्यासी नव्हे, बुवांचं घरदार असतं, आडनाव असतं, ते पूर्ण लिही. संन्यास घेतलेल्या स्वामींच्या बाबतीत उलटं, तिथे जुनं नाव-आडनाव लिहिणं म्हणजे त्यांनी सोडलेलं परत हातात देणं.

बुवांच्या पत्रात सुरुवातीला "सा.न.वि.वि." लिहिलंस तर खूश होतील, साष्टांग नमस्कार विनंती विशेष. तुमच्या पिढीला हे पासवर्डसारखं वाटेल माहितीये मला. पाकिटं लिहून झाली की बंद करण्याआधी फोटो टाक, कर्नल काकांचं आधी.

— बाबा