७४ आणि ६९ : यांपैकी खरा आकडा कोणता?

प्रश्न : माझ्या मुलाचा बुद्ध्यांक दोन वर्षांपूर्वी ७४ आला होता, आता त्याच चाचणीवर ६९ आला आहे. त्याची बुद्धी कमी झाली का? दोन्हींपैकी कोणता आकडा खरा मानायचा?

दोन्ही नाहीत, आणि केवळ या दोन अहवालांवरून बुद्धी कमी झाली असे कोणालाही म्हणता येणार नाही. आपल्याला कोणी ‘पाच गुणांची घसरण’ असे लेखी दिले असेल, तर त्या व्यक्तीने चाचणीच्या पुस्तिकेतला विश्वसनीयतेचा भाग उघडूनही पाहिलेला नाही, असे मी स्पष्टच म्हणेन. इंदूरला मुलांच्या बुद्धिमापनाचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. पण हा प्रश्न मला बोचतो तो व्यवसायामुळे नव्हे, तर आमच्या घरात याच मुद्द्यावरून झालेल्या आणि अजून न मिटलेल्या एका वादामुळे.

माझ्या भाच्याची चाचणी तो तिसरीत असताना झाली. नात्यातल्या मुलाची चाचणी आपण घेऊ नये, म्हणून ती एका सहकारी बाईंनी घेतली आणि बुद्ध्यांक ७२ आला. ताईने तो समजून घेतला. भाऊजींनी मात्र त्याला बुद्धी आणि स्मरणशक्ती वाढवून देणाऱ्या एका महागड्या वर्गात घातले. पुढच्या वर्षी चाचणी पुन्हा झाली, आकडा ७९ आला, आणि भाऊजींनी रामबागेतल्या सगळ्या नातलगांना पेढे वाटले. मी एवढेच म्हणालो की, भाऊजी, हे सात गुण वाढले असे धरू नका. त्यावर ते जे संतापले ते आजतागायत. “पैसे मी भरले, मुलाने मेहनत केली, आणि तू म्हणतोस काही झालेच नाही?”

काही झाले नाही असे मी म्हणत नव्हतो. त्या आकड्यांवरून काय झाले ते कळत नाही, एवढेच माझे म्हणणे होते, आणि त्यामागचे गणित अवघड नाही. चाचणीचे प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण १०० या सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप, १५ आहे. तिच्या पुस्तिकेत त्या वयोगटासाठी विश्वसनीयता गुणांक, म्हणजे चाचणीचे गुण किती भरवशाचे आहेत ते शून्य ते एक यांच्या दरम्यान सांगणारा आकडा, ०.९१ दिला आहे असे धरा. हा चांगला गुणांक मानला जातो. एकातून ०.९१ वजा केले की ०.०९ उरतात, त्याचे वर्गमूळ ०.३, आणि त्याला १५ने गुणले की ४.५. ही झाली मापनाची प्रमाण त्रुटी. म्हणजे त्याच मुलाची तीच चाचणी, आधीचे काहीही न आठवता, पुनःपुन्हा घेता आली असती, तर त्याचे गुण त्याच्या खऱ्या पातळीभोवती साधारण एवढ्या फरकाने पसरले असते. त्या दिवशीची झोप, एखाद्या प्रश्नावर जुळलेला अंदाज, परीक्षकाने एखाद्या अर्धवट उत्तराला दिलेला एक गुण, हे सारे त्या साडेचारात येते. ९५ टक्के खात्रीचा पट्टा हवा असेल तर ४.५ला १.९६ने गुणावे लागते, आणि उत्तर जवळजवळ ९ येते. म्हणून भाच्याचा ७२ हा वस्तुतः ६३ ते ८१ असा वाचायचा होता.

येथे पुष्कळ जण, त्यांत माझे काही व्यवसायबंधूही आले, एक चूक करतात. दोन पट्टे एकमेकांवर येतात की नाही एवढेच पाहून ते निकाल देतात. दोन प्राप्तांकांची तुलना करताना दोन्हींतली त्रुटी एकत्र येते, त्यामुळे फरकाची प्रमाण त्रुटी काढण्यासाठी ४.५ला २च्या वर्गमूळाने गुणावे लागते. ती येते सुमारे ६.४, आणि तिची १.९६ पट साडेबारा. दोन चाचण्यांमधला फरक साडेबारापेक्षा कमी असेल, तर तो केवळ मापनातल्या चढउतारानेही पडू शकतो. भाच्याचे सात आणि आपल्या मुलाचे पाच, दोन्ही या मर्यादेच्या पुष्कळ आत आहेत.

भाऊजींच्या वर्गाची बाजू याहूनही लंगडी आहे. सरासरीपासून दूर असलेला प्राप्तांक पुढच्या वेळी सरासरीकडे थोडा सरकतो, कारण तो तेथवर पोहोचण्यात त्रुटीचाही काही वाटा असण्याचा संभव अधिक असतो. ७२ हा १००पेक्षा २८ने कमी; त्या २८ला ०.९१ने गुणले की साधारण २५.५. म्हणजे कोणताही वर्ग न लावता पुढच्या वेळी अपेक्षित आकडा ७२ नव्हे, तर ७४.५ होता. सातांपैकी अडीच गुण तेथेच गेले. शिवाय तेच ठोकळे, तीच चित्रकोडी वर्षभरात दुसऱ्यांदा समोर आली की सरावाचे काही गुण मिळतातच. उरलेल्यासाठी भाऊजींनी किती फी भरली, ते मी येथे लिहीत नाही.

सर्वांत गमतीची गोष्ट ही की भाऊजी पिथमपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. कागदावर मापाशेजारी ‘अधिक-उणे’ लिहिलेले नसेल, तर तो सुटा भाग ते हातातही घेत नसत. पोटच्या मुलाचे माप मात्र त्यांना नुसत्या आकड्यात हवे होते.

पट्ट्याचा आग्रह हे पुस्तकी पांडित्य आहे असे कोणाला वाटत असेल, तर अमेरिकेतला एक खटला पाहावा. फ्रेडी ली हॉल या देहदंडाच्या कैद्याचा एका चाचणीतला बुद्ध्यांक ७१ होता, आणि फ्लोरिडा राज्यात ७०च्या वर असलेल्याला बौद्धिक अक्षमतेचा पुढचा पुरावा मांडण्याचीही मुभा नव्हती. २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरवला, कारण तो मापनाची प्रमाण त्रुटी विचारातच घेत नव्हता. एका गुणावर माणसाचा जीव अवलंबून होता.

आता काही पुरवण्या. ०.९१ हा मी धरलेला आकडा आहे. आपल्या मुलाच्या चाचणीचा, त्याच्या वयोगटाचा गुणांक पुस्तिकेत पाहावा लागेल, आणि तो ०.८४ असेल तर प्रमाण त्रुटी ६ होते व पट्टा बराच रुंदावतो. काही पुस्तिकांत पट्टा मिळालेल्या गुणाभोवती न काढता वर सांगितलेल्या सरकलेल्या गुणाभोवती काढलेला असतो, म्हणून तो एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त दिसतो. ती छपाईची चूक नव्हे. प्राप्तांक फार वर किंवा फार खाली असेल, तर त्रुटीही सरासरीजवळच्या मुलांइतकीच असेल असे नाही.

आणि एक प्रकारची चूक या पट्ट्यात मुळीच मावत नाही. आमच्याकडे घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलणारी मुले पुष्कळ आहेत. अशा मुलाला शब्दार्थाचे प्रश्न एका वेळी मराठीत आणि दुसऱ्या वेळी इंग्रजीत विचारले, तर पडणारा फरक योगायोगाचा नसतो, आणि तो कोणत्याही प्रमाण त्रुटीने झाकला जात नाही. आपल्या मुलाच्या दोन्ही चाचण्या कोणत्या भाषेत झाल्या, आणि घट शाब्दिक भागात आहे की कृतीच्या भागात, हे अहवालांत आधी शोधा. घट बारा-तेरा गुणांच्या पुढे गेली असती, किंवा मूल पूर्वी येत असलेल्या गोष्टी विसरू लागले असते, तर मी आकडे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा असे सांगितले असते. आपला प्रश्न बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी असेल, तर तेथे बुद्ध्यांकाबरोबर दैनंदिन वर्तनाचे मापनही पाहतात. तोही अहवाल मागून घ्या, आणि बुद्ध्यांकापुढे पट्टा लिहून देण्यास नकार देणाऱ्या तज्ज्ञाकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.