पंखावरचे दार, आणि दाजींशी झालेला वाद

प्रश्न: मी पहिल्यांदाच विमानाने जाणार आहे, पुणे ते दिल्ली. निघण्यापूर्वी ज्या सूचना देतात त्यात नेमके कशाकडे लक्ष द्यायचे? आणि एक्झिट रोची सीट थोडे जास्त पैसे देऊन मिळते आहे, पाय मोकळे राहतात म्हणे. घेऊ का?

उत्तर:

तुम्ही धडधाकट असाल, सोबत लहान मूल किंवा आधार लागणारे माणूस नसेल आणि ऐन वेळी दार उघडण्याची तुमची तयारी असेल, तर जरूर घ्या. केवळ पाय मोकळे राहतात म्हणून घेऊ नका. मी चौदा वर्षे केबिन क्रूमध्ये काढली, त्यांतली शेवटची काही वर्षे नव्या मुलामुलींना शिकवण्यात गेली, आणि नेमक्या याच सीटवरून माझे दाजी गेली सहा वर्षे माझ्याशी धड बोलत नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही सगळे कोचीला निघालो होतो. दाजींनी आपल्या आईसाठी पंखावरच्या दाराला लागून असलेली खिडकीची सीट मुद्दाम घेतली होती. माईंचे वय त्र्याहत्तर, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, पाय दुमडून बसणे त्यांना जड जाते. त्यामुळे हेतू चांगलाच होता. क्रूमधल्या मुलीने त्या रांगेपाशी येऊन, गरज पडल्यास दार उघडण्यास तुम्ही मदत कराल का, असे नियमाप्रमाणे विचारले. माईंच्या वतीने दाजींनीच "हो, हो" म्हणून टाकले. मी दोन रांगा मागे होते. मी उठून त्या मुलीला माईंच्या गुडघ्यांचे सांगितले आणि त्यांना दुसरीकडे बसवायला लावले. सीटचे पैसे मोजलेले असताना घरच्याच माणसाने चारचौघांत आपला अपमान केला, हे दाजींच्या मनात राहिले ते राहिलेच.

आपल्याकडे बरीचशी विमाने एअरबस ए३२० जातीची असतात. त्या विमानाचे पंखावरचे दार बिजागरीवर नसते. झाकण काढून हँडल ओढले की ते अख्खे दार वरच्या अंगाने आत, तुमच्याच अंगावर झुकते. मग एक हात वरच्या हँडलवर आणि दुसरा खालच्या खाचेत घालून ते उचलायचे आणि बाहेर भिरकावून द्यायचे. वजन सुमारे १५ किलो. सरावाच्या खोलीत, उजेडात आणि शांतपणे हे करतानासुद्धा दार मांडीवर घेऊन अडकलेली पंचविशीतली मुले मी पाहिली आहेत.

हे भय कल्पनेतले नाही. २२ ऑगस्ट १९८५ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टर विमानतळावर एका बोइंग ७३७ चे डावे इंजिन उड्डाणासाठी धावतानाच फुटले आणि आग लागली. वैमानिकाने उड्डाण रद्द करून विमान धावपट्टीवरून बाजूला आणून उभे केले, म्हणजे ते कुठेही आदळले नव्हते. तरी ५५ माणसे गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांचा जीव धुराने घेतला. उजव्या पंखावरच्या दाराशेजारी बसलेल्या तरुणीने गोंधळून दाराच्या हँडलऐवजी सीटचा हातच ओढला. शेजारच्या मैत्रिणीने तिच्यावरून वाकून हँडल ओढले, तेव्हा सुमारे २२ किलोचे ते दार त्या तरुणीच्या अंगावर पडले आणि ती सीटमध्येच अडकली. मागच्या रांगेतल्या एका प्रवाशाच्या मदतीने ते बाजूला करेपर्यंत मागे माणसे धुरात खोळंबली होती. एक्झिट रोमध्ये आज जी ऐसपैस जागा दिसते, ती या अपघातानंतर तिथून माणसे लवकर बाहेर पडावीत म्हणून वाढवण्यात आली. ती जागा पाय पसरायची सोय म्हणून विकली जाते, हे मला आजही पटत नाही.

आता तुमच्या सूचनांविषयी. सर्वांत आधी आपल्या सीटपासून पुढच्या आणि मागच्या दारापर्यंत किती रांगा आहेत ते मोजा. धूर भरला की दिवे दिसत नाहीत, खाली वाकून खुर्च्यांच्या पाठी चाचपतच जावे लागते, आणि तेव्हा आकडा उपयोगी पडतो. मागचे मोजायचे अशासाठी, की लोक आत आलो त्याच दाराकडे धावतात, जवळचे दार मात्र पुष्कळदा पाठीमागे असते. कोचीहून परतताना माईंनी सीटवर जाताजाता एकेका खुर्चीला हात लावून मोजले आणि बसल्यावर मला सांगितले, "पुढे सात, मागे पाच."

दुसरे म्हणजे पट्ट्याचे बकल. ते तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण गाडीत बटण दाबायची सवय लागलेला हात घाबरल्यावर कमरेपाशी बटणच शोधतो, आणि विमानाच्या बकलची पट्टी वर उचलायची असते. बसल्यावर तीन-चार वेळा लावून सोडून पाहा. पट्टा पोटावर न ठेवता खाली कमरेच्या हाडावर घट्ट बसवा, कारण धक्का सोसायचा तो हाडाने.

"ब्रेस" अशी आज्ञा झाल्यावर घ्यायची बैठक सीटपाशी ठेवलेल्या सुरक्षेच्या सूचनांच्या कार्डावर काढलेली असते, पण तिचे कारण कोणी सांगत नाही. आदळताना शरीर पुढे फेकले जाते. डोके जितके दूर असेल तितक्या वेगाने ते समोरच्या सीटवर आपटते. म्हणून ते आधीच तिथे टेकवून ठेवायचे. हात डोक्यावर एकावर एक ठेवायचे, बोटे एकमेकांत गुंतवायची नाहीत, कारण गुंतलेली बोटे मोडली तर बकल सोडणार कशाने? पावले जमिनीवर सपाट आणि गुडघ्यांच्या थोडी मागे, म्हणजे पाय पुढे झेपावून समोरच्या सीटखाली मोडणार नाहीत. पाय मोडलेला माणूस आगीतून चालत बाहेर येऊ शकत नाही. पहिल्या धक्क्यानंतर उठू नका. दुसरा धक्का त्याहून मोठा असू शकतो, म्हणून विमान पूर्ण थांबेपर्यंत तसेच राहायचे.

आणि बॅग घ्यायची नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना पेटलेल्या विमानातून सर्वच्या सर्व ३७९ माणसे जिवंत बाहेर आली. सामान वर ठेवून जा, ही सूचना तिथल्या प्रवाशांनी पाळली होती. ऑक्सिजनच्या मास्कबद्दल एवढेच, की तो खाली ओढल्यावरच वायू सुरू होतो आणि पिशवी फुगली नाही तरी तो येत असतो.

एक गोष्ट दाजींच्या बाजूने सांगायला हवी. मध्यंतरी त्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला होता, त्यात नव्या बोइंग ७३७ चे पंखावरचे दार हँडल ओढताच आपोआप वर उघडते. ते खरे आहे. तिथे उचलायचे काही नसते. पण उघडण्याआधी खिडकीतून बाहेर आग आहे का ते पाहायचे असते, आणि आग असेल तर दार बंद ठेवून लोकांना दुसरीकडे वळवायचे असते. मग उंबरठा ओलांडून पंखावर उतरायचे आणि मागच्यांना वाट करून द्यायची. माईंना यातले उंबरठा ओलांडणेच जमले नसते. शिवाय आम्ही बसलो होतो ते विमान ए३२० होते.

गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी त्याच पैशांत पहिल्या रांगेतली सीट मिळाली तर पाहावी. तिथे पाय मोकळे राहतात आणि दार अंगावर येत नाही. मात्र पहिल्या रांगेत समोर खुर्चीऐवजी भिंत असते, त्यामुळे ब्रेसची बैठक थोडी वेगळी असते. ती तुमच्या विमानाच्या कार्डावर पाहा आणि कळली नाही तर क्रूला विचारा.