‘ग्रीन’ लिहिण्याआधी मीटर वाचा

इंदूरमधल्या लहान-मोठ्या कंपन्यांमधून या महिन्यात आलेले चार प्रश्न घेते आहे. चारही एकाच गोष्टीबद्दल आहेत: कंपनीने पर्यावरणासाठी काही केलं, फोटो काढला, आता फोटोखाली काय लिहायचं? पहिल्या प्रश्नासोबत सगळी बिलं आली होती, म्हणून त्याचं उत्तर लांबलं आहे.

ताई, पालद्याला आमचा शेव-नमकीनचा कारखाना आहे. छतावर ४० किलोवॅटचं सोलर बसवून वर्ष झालं. फोटोखाली मुलाने लिहिलंय, ‘आता आमची शेव बनते १०० टक्के हरित ऊर्जेवर!’ साहेबांना आवडलं, पण मला धाकधूक वाटते. बिलं पाठवतोय, बघाल का?

तुमची धाकधूक बरोबर आहे. कारण छतावर नाही, कढईखाली आहे. शेव तळली जाते पाइपच्या गॅसवर, आणि नमकीनच्या कारखान्यात सर्वाधिक ऊर्जा तळण्यातच जाते. सोलरची वीज तुमच्याकडे चालवते ती शेव पाडायची मशीन, पॅकिंग, पंखे, दिवे आणि थंड खोली. तेव्हा ‘ऊर्जा’ हा शब्द आधी काढा आणि ‘वीज’ लिहा. वाक्यातली निम्मी चूक तिथेच जाते.

आता राहिले ‘१०० टक्के’. तुमच्या सोलर मीटरवर वर्षाची निर्मिती ५४,८०० युनिट दिसते. हा आकडा पटण्यासारखा आहे. आपल्या माळव्यातल्या उन्हात एका किलोवॅटमागे वर्षाला साधारण १,३०० ते १,५०० युनिट निघतात आणि तुमचे १,३७० येतात. कोणी १,९०० सांगितले असते तर मी मीटरचा फोटो मागितला असता. पण या ५४,८०० पैकी ९,००० युनिट रविवारी आणि सणाच्या सुट्ट्यांत कारखाना बंद असताना ग्रिडमध्ये गेले. बिलावर ते ‘एक्सपोर्ट’ म्हणून वेगळे छापलेले आहेत. कारखान्यात वापरले गेले ४५,८००. ग्रिडमधून तुम्ही घेतले १,४०,२००. दोन्ही मिळून वर्षाची वापरलेली वीज १,८६,००० युनिट. म्हणजे सोलरचा हिस्सा जवळपास एक चतुर्थांश झाला.

एक चतुर्थांश ही चांगली मिळकत आहे, तिला शंभर करायची गरज नाही. उलट, एक गोष्ट तुमच्या मुलाला सांगा. ‘१०० टक्के’ वाचून ग्राहक पुढे सरकतो, पण ‘चौथा हिस्सा’ वाचून ‘मग बाकीची वीज कुठून?’ असं विचारतो. त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे, तेव्हा ते द्या.

मोजताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे सोलर बसवणाऱ्याच्या प्रस्तावातला आकडा. त्यात ‘अंदाजे’ लिहिलेलं असतं, आणि कॅप्शनपर्यंत येता येता तो शब्द गळून पडतो. माझ्या हातून एका गोदामाच्या मजकुरात हे झालं होतं. प्रस्तावातली अपेक्षित युनिटं मी ‘निर्माण केली’ म्हणून लिहिली. वर्षाअखेर बिलं जुळवली तेव्हा कळलं की एक इन्व्हर्टर पावसाळ्यात कित्येक दिवस बंद होता आणि कोणी पाहिलंही नव्हतं. तेव्हापासून मी बारा बिलं समोर असल्याशिवाय आकडा लिहीत नाही.

दुसरं म्हणजे काळ. एप्रिल-मेच्या बिलावरून वर्षाचा हिशेब मांडला तर आकडा फुगतो, कारण जुलै-ऑगस्टच्या ढगांत निर्मिती बरीच खाली येते. पूर्ण बारा महिने धरा आणि कोणते बारा ते लिहा.

तिसरं म्हणजे कार्बन. तो लिहायलाच हवा असं नाही. लिहायचा असेल तर केंद्रीय विद्युत प्राधिकरण ग्रिडच्या विजेमागे किती कार्बन डायऑक्साइड निघतो याचा आकडा दरवर्षी जाहीर करतं, तो वापरा. अलीकडे तो युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास आहे, म्हणजे ४५,८०० युनिटमागे साधारण ३२ टन. कोणत्या वर्षाचा आकडा घेतला तेही शेजारी लिहा. ‘इतकी झाडं लावल्यासारखं’ मात्र लिहू नका. कोणतं झाड, किती वर्षांचं, जगलं की नाही, यावर तो आकडा कितीही पट बदलतो आणि तुमच्या छताशी त्याचा काही संबंध राहत नाही.

माझ्या हाताने असं लिहीन:

‘पालदा इथल्या कारखान्याच्या छतावर ४० किलोवॅटचा सोलर प्लांट आहे. गेल्या बारा महिन्यांत आम्ही १,८६,००० युनिट वीज वापरली. त्यातली ४५,८०० युनिट, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, याच छतावरची होती. बाकीची वीज ग्रिडची आहे आणि कढया पाइपच्या गॅसवर चालतात. तो गॅस या हिशेबात नाही. आकडे वीज बिलांतून आणि सोलर मीटरमधून घेतले आहेत.’

‘गेल्या बारा महिन्यांत’च्या जागी महिने आणि साल घाला, म्हणजे पुढच्या वर्षी हीच पोस्ट कोणी शेअर केली तरी ती खोटी ठरणार नाही. गॅसचं वाक्य साहेब काढायला सांगतील. त्यासाठी मात्र भांडा. ते गेलं की वाचणारा पुन्हा सगळी शेव उन्हावर तळली असं समजेल.

आमच्या २०० ग्रॅमच्या पाऊचचं प्लास्टिक आम्ही पातळ केलं. आधी पाऊच ६.२ ग्रॅमचा होता, आता ५ ग्रॅमचा. ‘प्लास्टिकमुक्तीकडे पाऊल’ लिहिलं तर चालेल ना? एजन्सी ‘इको-फ्रेंडली पाऊच’ सुचवते.

दोन्ही नकोत. पाच ग्रॅम प्लास्टिकचा पाऊच प्लास्टिकमुक्तीकडे जात नाही, तो हलका होतो. ‘इको-फ्रेंडली’ने तर काहीच कळत नाही.

तुमच्याकडे चांगला, मोजता येणारा आकडा आहे. पाऊचमागे १.२ ग्रॅम, म्हणजे साधारण १९ टक्के प्लास्टिक कमी झालं. पण मी तुम्हाला फोन करून विक्री विचारली ती याचसाठी. आधीच्या वर्षी ३० लाख पाऊच गेले, म्हणजे १८.६ टन प्लास्टिक. यंदा ४० लाख गेले, म्हणजे २० टन. पाऊच हलका झाला आणि बाजारात गेलेलं एकूण प्लास्टिक वाढलं. दोन्ही खरं आहे. तेव्हा ‘आम्ही प्लास्टिक १९ टक्के कमी केलं’ असं लिहिलं तर प्रत्येक शब्द खरा वाटूनही वाक्य खोटं पडतं. ‘प्रत्येक २०० ग्रॅमच्या पाऊचमध्ये’ हे शब्द सुटू देऊ नका. माझं मत विचाराल तर एकूण टनही लिहा. लपवलेला आकडा कोणी हिशेबाने काढला, तर १९ टक्क्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

वजन स्वतः तपासायला अवघड नाही. पुरवठादाराच्या कागदावरचं वजन घेऊ नका. जुन्या आणि नव्या रोलमधून प्रत्येकी शंभर रिकामे पाऊच कापून सोनाराच्या काट्यासारख्या बारीक काट्यावर तोला आणि सरासरी काढा. पाऊच पातळ केल्यावर शेव किती दिवस कुरकुरीत राहते हेही पाहा. पाऊच फाटून किंवा हवा शिरून माल परत यायला लागला, तर वाचलेल्या प्लास्टिकपेक्षा जास्त बेसन आणि तेल वाया जाईल.

आणि एजन्सीने पुढे ‘रिसायकलेबल’ सुचवलं तर विचारा: एकाच जातीचं प्लास्टिक आहे, की थरांचा लॅमिनेट आहे? नमकीनचे चमचमते पाऊच बहुधा वेगवेगळ्या थरांचे असतात. ते थर सुटे करणं कठीण असतं, म्हणून भंगारवाला ते उचलत नाही.

आमच्या कँटीनचा ओला कचरा महापालिकेची गाडी नेते आणि देवगुराडियाच्या प्लांटमध्ये त्याचा बायो-सीएनजी होतो. ‘आमच्या उरलेल्या पोह्यांवर शहराच्या बस धावतात’ असं लिहू का?

वाक्य गोड आहे, पण ते श्रेय तुमचं नाही. देवगुराडियाचा प्लांट २०२२च्या फेब्रुवारीत सुरू झाला तेव्हाच तो रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा होता. त्यात तुमच्या कँटीनच्या बादल्या किती? शिवाय कचरा वेगळा करून देणं हे नियमाने सगळ्यांनाच करावं लागतं. इंदूरमधलं घर न् घर ते करतं. जे सगळ्यांना बंधनकारक आहे, ते आपला उपक्रम म्हणून सांगणं जाहिरातीच्या नैतिक नियमांतही बसत नाही.

तुमचं स्वतःचं काम वेगळं आहे. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की ताटाऐवजी छोट्या वाटीत पोहे द्यायला लागल्यापासून उष्टं कमी झालं. ते तोला. पंधरा दिवस रोज संध्याकाळी बादली काट्यावर ठेवा आणि त्या दिवशी जेवलेल्यांची संख्या बाजूला लिहा. आधीची मोजणी नसेल तर जुनी ताटं पंधरा दिवस परत आणा आणि तेव्हाही तोला. मग ‘माणशी इतके ग्रॅम उष्टं कमी’ हे वाक्य पूर्ण तुमचं होईल.

मी फ्रीलान्स कॅप्शन लिहिते. क्लायंट म्हणतो, नियम मोठ्या कंपन्यांना असतात, तू फक्त लिही. खरं आहे का? आणि इतके आकडे इन्स्टाच्या पोस्टमध्ये मावणार कुठे?

खरं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी ग्रीनवॉशिंगविरोधी, म्हणजे पर्यावरणाबद्दलचे फसवे दावे रोखणाऱ्या, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या वस्तू बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला लागू आहेतच, जाहिरात एजन्सीलाही आहेत. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘सस्टेनेबल’, ‘नॅचरल’ असे शब्द नेमका खुलासा आणि पुरावा जोडल्याशिवाय वापरता येत नाहीत. ‘कंपोस्टेबल’ किंवा ‘प्लास्टिकमुक्त’सारख्या दाव्यांना प्रमाणपत्र, भरवशाचा शास्त्रीय पुरावा किंवा बाहेरच्या तटस्थ संस्थेची तपासणी लागते. ‘२०३०पर्यंत आम्ही अमुक होऊ’ असं लिहायचं तर तिथे कसं पोहोचणार याची ठोस योजना हवी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पानांचं चित्र किंवा हिरवा रंग एवढ्यानेच मात्र कोणी दोषी ठरत नाही. त्याने फसवणूक होते का, हे पाहिलं जातं.

जागेचं म्हणाल तर पोस्टमध्ये एकच आकडा घ्या, पण त्याच्यासोबत तो कशाचा, कोणत्या काळाचा आणि त्यात काय धरलेलं नाही, हे तीन तुकडे त्याच कॅप्शनमध्ये ठेवा. बाकीचा हिशेब लिंकवर किंवा क्यूआर कोडमागे जाऊ शकतो. तशी सोय सूचनांमध्ये आहे. अपवाद वाक्याचा अर्थ बदलत असेल, तर तो लिंकमागे टाकू नका. नमकीनवाल्यांच्या कॅप्शनमध्ये गॅसचं वाक्य वरच राहील, बिलांच्या प्रती लिंकवर जातील.

आणि क्लायंटकडून आकडा तोंडी घेऊ नका. ‘हा आकडा कोणत्या कागदावरून?’ एवढंच मेलवर विचारा आणि आलेला कागद पोस्टच्या तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवा. उत्तर आलं नाही तर तो आकडा गाळून फक्त काय केलं ते लिहा: ‘छतावर ४० किलोवॅटचा सोलर प्लांट बसवला.’ हे वाक्य गच्चीवर जाऊन कोणालाही तपासता येतं.