एमसीव्ही ८८ आला म्हणून थांबू नकोस

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी दिसलं की आधी एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचं सरासरी आकारमान बघतोस, ते बरोबरच आहे. मोठ्या माणसात ८० फेमटोलिटरच्या खाली पेशी लहान, १०० च्या वर मोठ्या, मधल्या नॉर्मल. लहान असतील तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर आधी डोक्यात येऊ दे. मोठ्या असतील तर बी१२, फोलेट, दारू, यकृत, थायरॉइड.

खरी फसगत मधल्या गटात होते, कारण एमसीव्ही ही सरासरी आहे. समज, एक शाकाहारी बाई, पाळीत खूप रक्त जातं. हिमोग्लोबिन ८.६, हिमॅटोक्रिट २६.४ टक्के, लाल पेशी ३० लाख, म्हणजे ३ दशलक्ष. २६.४ ला दहाने गुणून ३ ने भाग: ८८. अगदी नॉर्मल! पण शेजारचा आरडीडब्ल्यू बघ, २४. साधारण १४-१५ च्या आत असायला हवा तो. म्हणजे पेशींच्या आकारात प्रचंड तफावत आहे.

आता स्लाइड स्वतः बघच. लोहाअभावी लहान, फिकट पेशी आणि त्यांच्यातच बी१२ अभावी मोठ्या, अंडाकृती पेशी दिसतील; न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला सहा पाळ्याही सापडतील. दोन्ही कमतरता एकमेकींना झाकत होत्या. फेरिटिन आणि बी१२ दोन्ही तपासायला सांग. नुसतं लोह दिलंस तर लहान पेशी सुधारतील आणि पुढच्या रिपोर्टात एमसीव्ही शंभरच्या वर गेलेला दिसेल.